राजीनाम्याची तारीख कोण ठरवतं?

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने तीन लाखांहून जास्त संचालकांना अपात्र ठरवलं. ज्या कंपन्यांनी सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं किंवा ताळेबंद दाखल केले नव्हते, त्यांच्या संचालकांवर ही कुऱ्हाड होती. पाच वर्षं त्यांना दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं संचालक होता येणार नव्हतं. त्या यादीत कंपनी गुंडाळून गायब झालेले लोक होते, आणि आपण त्या कंपनीतून केव्हाच बाहेर पडलो अशा समजुतीत असलेलेही होते. मित्राच्या आग्रहाखातर सही करून संचालक झालेले, किंवा भावाच्या कंपनीत ‘दोन नावं लागतात’ म्हणून नाव दिलेले. त्यांनी राजीनामा दिला होता, पण कसा? कुणी फोनवर सांगितलं होतं, कुणी चहाच्या टपरीवर ‘यापुढे मला त्यात धरू नकोस’ म्हटलं होतं, कुणी पत्र लिहून कंपनीतल्याच माणसाच्या हातात ठेवलं होतं आणि विषय संपला असं मानलं होतं. रजिस्ट्रार ऑफ कंपनीजच्या, म्हणजे आरओसीच्या, दप्तरी मात्र त्यांची नावं तशीच होती.

नोकरीच्या राजीनाम्यात वरचा साहेब तो मंजूर करतो आणि कामातून मोकळं केल्याचा कागद देतो. त्या सवयीने संचालकपदाचा राजीनामाही लोक मंजुरीसाठी ‘सादर’ करतात आणि मग मंजुरीची वाट पाहत बसतात. इथेच पहिली गफलत होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६८ प्रमाणे संचालकाने कंपनीला लेखी नोटीस द्यायची असते आणि संचालक मंडळाने तिची नोंद घ्यायची असते. मंडळाने ती मान्य करावी, असं कायदा कुठेच म्हणत नाही. राजीनामा केव्हापासून लागू होतो, हेही त्याच कलमात एका वाक्यात सांगितलं आहे: कंपनीला नोटीस मिळाली ती तारीख आणि नोटिशीत संचालकाने लिहिलेली तारीख, या दोन्हींत जी नंतरची असेल ती.

१९५६ च्या जुन्या कायद्यात संचालकाने राजीनामा कसा द्यावा आणि तो केव्हा लागू व्हावा, याचं असं सरळ कलमच नव्हतं. आरओसीला कळवायचा फॉर्म कंपनीनेच भरायचा आणि कंपनीने तो भरला नाही तर गेलेला माणूस कागदावर अडकून राहायचा. आताच्या कायद्याने त्याला दोन हत्यारं दिली. तारीख ठरवण्याचा नियम कायद्यातच आला आणि आरओसीला स्वतः कळवण्याची वाटही मिळाली. पण ‘जी नंतरची असेल ती’ या चार शब्दांचा अर्थ नीट लक्षात घेतला नाही, तर दोन्ही हत्यारं बोथट होतात.

एक बेतलेलं उदाहरण घेऊ, पण तारखा खऱ्या कॅलेंडरातल्या. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री आहे, खासगी मर्यादित कंपनी. संचालक तिघं: दोघे चुलतभाऊ आणि त्यांच्यातल्या थोरल्याचा कॉलेजमधला मित्र. मित्र पुण्यात राहतो. कंपनीत त्याचे थोडे शेअर आहेत आणि रोजच्या कारभारात त्याचा हात नाही. थकबाकी वाढताना दिसली आणि मार्च २०२५ मध्ये त्याने बाहेर पडायचं ठरवलं. आर्थिक वर्ष संपतंय, तर त्याच्याबरोबरच आपणही सुटू, असा त्याचा साधा हिशेब. शुक्रवारी, २८ मार्चला त्याने पत्र लिहिलं. ‘३१ मार्च २०२५ पासून मी संचालकपदाचा राजीनामा देत आहे’ असं त्यात टाकलं आणि संध्याकाळी ते पुण्याहून स्पीड पोस्टाने पाठवलं.

शनिवारी पोस्टमन दारात गेला तेव्हा कंपनीचं ऑफिस बंद होतं. रविवारी ३० तारखेला गुढीपाडवा. सोमवारी ३१ ला रमजान ईद, पोस्टाला सुट्टी. पत्र हातात पडलं ते मंगळवारी, १ एप्रिलला. पत्रातली तारीख ३१ मार्च आणि मिळाल्याची तारीख १ एप्रिल. नंतरची कोणती? १ एप्रिल. म्हणजे नव्या आर्थिक वर्षातही हा गृहस्थ एक दिवस संचालक ठरला.

एका दिवसाने काय बिघडतं, असं वाटेल. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १७९ पाहावं. खासगी कंपनीकडून कर वसूल होत नसेल, तर ज्या वर्षाचा तो कर आहे त्या वर्षात ‘केव्हाही’ संचालक असलेल्या प्रत्येकाकडून तो मागता येतो. वर्षभर संचालक असलाच पाहिजे, अशी अट नाही. वसुली झाली नाही ती आपल्या घोर निष्काळजीपणामुळे किंवा कर्तव्यात कसूर केल्यामुळे नव्हे, हे सिद्ध करण्याचं ओझंही त्या संचालकावरच टाकलेलं आहे. वस्तू आणि सेवा कराच्या कायद्यात, कलम ८९ मध्ये, याच धर्तीची तरतूद आहे. आमच्या मित्राचा बचाव बहुधा होईलही, पण त्यासाठी आधी त्याला नोटिशीला उत्तर द्यावं लागेल, वकील गाठावा लागेल आणि सगळे जुने कागद काढावे लागतील. शुक्रवारी संध्याकाळी हेच पत्र त्याने कंपनीच्या ईमेलवरही पाठवलं असतं, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

कागद कंपनीला कसा पोचवायचा, हे याच कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. नोंदणीकृत कार्यालयात नेऊन देता येतो, टपालाने किंवा कुरियरने पाठवता येतो, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गही चालतो. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की जी माहिती दिसते, तिला धंद्यातले लोक मास्टर डेटा म्हणतात. तिथे नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि ईमेल दोन्ही असतात. राजीनामा जायला हवा तो याच पत्त्यावर आणि याच ईमेलवर. थोरल्या भावाच्या खासगी मोबाइलवरचा व्हॉट्सॲप संदेश म्हणजे कंपनीला दिलेली नोटीस, असं पुढे वाद झाल्यावर पटवून देणं फार अवघड जातं. ‘पाठवलं होतं की मी, दोन निळ्या खुणाही आल्या होत्या’ असं सांगणारे भेटतात. त्या खुणांवरून संदेश माणसाने वाचला एवढं कळतं. कंपनीला नोटीस मिळाली, हे त्यातून निघत नाही.

आमच्या मित्राने करायला हवं होतं ते असं. २८ मार्चला सही केलेल्या पत्राची स्कॅन प्रत कंपनीच्या नोंदलेल्या ईमेलवर पाठवायची आणि त्याच मेलमध्ये बाकीच्या दोन्ही संचालकांना प्रत ठेवायची. मूळ पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं. पोस्टाची पावती आणि वितरणाची ऑनलाइन नोंद छापून ठेवायची, कारण काही काळाने ती संकेतस्थळावर मिळत नाही. कुणी कोल्हापूरला जाणारं असेल तर एक प्रत हातोहात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असं लिहून तारीख, सही आणि कंपनीचा शिक्का घ्यायचा. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘पत्त्यावर कुणी नाही’ असा शेरा मारून परत आलं, तर ते उघडायचं नाही. बंद पाकिटावरचा तो शेरा हाच पुढे पुरावा असतो.

कायदा नोटीस ‘कंपनीला’ द्यायला सांगतो. इतर संचालकांना वेगळं कळवलंच पाहिजे, अशी सक्ती नाही. तरीही कळवावं. कारण आरओसीचा फॉर्म भरणार ते, बँकेत नवा ठराव देणार ते आणि उद्या ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं म्हणणारेही तेच. पत्रावर ‘प्रति, संचालक मंडळ’ लिहून पत्ता कंपनीचा घालायचा आणि खाली दोघांची नावं प्रत म्हणून द्यायची. घरातली कंपनी असेल तर पत्र जाण्याआधी फोन करावा, दादांना सांगावं, वहिनींनाही सांगावं. त्याने कायद्याचं काही साधत नाही, पण पत्र दारात येऊन पडल्यावर उठणारं वादळ थोडं शमतं. फक्त फोन केला म्हणून पत्र पाठवायचं राहून जाऊ नये.

आता मजकूर. बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. ‘कृपया माझा राजीनामा स्वीकारून मला कार्यमुक्त करावे’ हे वाक्य नम्र वाटतं, पण त्यात आपणच सगळी सूत्रं समोरच्याच्या हाती देतो. स्वीकारला नाही तर काय, हा प्रश्न आपल्याच वाक्यातून उभा राहतो. ‘माझी देणी फिटल्यावर राजीनामा अमलात यावा’ किंवा ‘नवा संचालक मिळेपर्यंत मी राहीन’ ही वाक्यं त्याहून वाईट, कारण त्यांत तारीखच नाही. देणी फिटली की नाहीत, यावर भाऊबंदांची वर्षानुवर्षं भांडणं चालतात. ‘तत्काळ प्रभावाने’ हे चालतं, पण त्याचा अर्थ पत्र मिळाल्याच्या दिवसापासून असा होतो आणि तो दिवस सिद्ध करायचं काम आपल्याकडेच येतं. काही जण मागची तारीख टाकतात. जूनमध्ये पत्र देऊन ‘३१ मार्चपासून’ असं लिहितात. त्या पत्रातली मार्चची तारीख निरुपयोगी असते. पत्र जूनमध्ये मिळालं म्हणून राजीनामाही जूनचाच. पत्रावरच जुनी तारीख घालून भावाकडून जुन्या तारखेची पोच घेणं ही तर सरळ खोटी नोंद झाली. आणि बँकेच्या एखाद्या कागदावर मधल्या काळातली आपली सही निघाली की ती उघडी पडते.

पत्र प्रत्यक्षात बहुतेक इंग्रजीत लिहितात, पण त्याचा गाभा मराठीत मांडायचा तर तो साधारण असा असावा:

‘मी कंपनीच्या संचालकपदाचा कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६८ अन्वये राजीनामा देत आहे. माझा संचालक ओळख क्रमांक अमुक. हा राजीनामा ३१ मार्च २०२५ रोजी कामकाजाची वेळ संपताच अमलात येईल. ही नोटीस कंपनीला त्या तारखेनंतर मिळाल्यास ती मिळाल्याच्या दिवसापासून अमलात येईल. संचालक मंडळाने याची नोंद घ्यावी, DIR-12 मुदतीत दाखल करावा आणि त्याच्या पावतीची प्रत मला पाठवावी. कंपनीच्या वतीने सह्या करण्याचे मला दिलेले सर्व अधिकार त्याच क्षणी संपतील. बँक, वस्तू व सेवा कर विभाग आणि इतर कार्यालयांना तसे कळवावे.’

यातलं प्रत्येक वाक्य एखाद्या वादाचा विचार करून घातलेलं आहे. ‘कामकाजाची वेळ संपताच’ लिहिलं, म्हणजे ३१ मार्चला सकाळी कंपनीने काढलेल्या चेकवर तुमची सही असेल, तर तेव्हा तुम्ही संचालक होतात हे स्पष्ट होतं आणि १ एप्रिलला नव्हतात हेही. ‘पासून’ म्हटलं की तो दिवस धरायचा की सोडायचा, यावर वाद घालता येतो. दुसरं वाक्य कायद्यात आधीच आहे. तरी ते पत्रात असलं की तुम्हालाच पोचपावतीची आठवण राहते. ओळख क्रमांक, म्हणजे बोलीतला ‘डिन’, आवर्जून लिहावा, कारण एकाच घरात एकाच आडनावाचे तीन संचालक असले की घोळ व्हायला वेळ लागत नाही. आणि पगारी नोकरीही असेल, म्हणजे तुम्ही कारखान्याचे मॅनेजर आणि संचालक दोन्ही असाल, तर नोकरी सोडल्याने संचालकपद सुटत नाही. दोन्हींचा राजीनामा वेगवेगळा लिहावा. शेअरचंही तसंच आहे. संचालकपद सोडलेला माणूस शेअरधारक राहतो आणि शेअर कुणाला द्यायचे, तो व्यवहार स्वतंत्र असतो.

पुढची तारीख घालून राजीनामा दिला आणि मधल्या दिवसांत मन बदललं, तर? याचा एक गाजलेला निकाल आहे, पण तो कंपनीचा नाही, न्यायाधीशाचा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी मे १९७७ मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहून १ ऑगस्टपासून पद सोडत असल्याचं कळवलं आणि जुलैत ते मागे घेतलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अमलात यायची तारीख उजाडण्याआधी असा राजीनामा मागे घेता येतो, असं न्यायालयाने १९७८ मध्ये ठरवलं. ते घटनात्मक पद होतं, त्यामुळे संचालकाच्या बाबतीत तो निकाल जसाच्या तसा लागू होतो असं गृहीत धरू नये. त्यातून एवढं मात्र दिसतं की पत्र देणं आणि पद सुटणं या दोन वेगळ्या घटना असू शकतात, आणि त्यांच्यामधल्या काळात बरंच काही घडू शकतं. म्हणून संचालकाने पुढची तारीख घालायचीच असेल, तर ती फार लांबची घालू नये. माझ्या मते दोन-तीन आठवड्यांच्या पुढे जाण्यात काही हशील नाही. त्यामागे आणखी एक व्यवहारी कारण आहे, ते फॉर्मच्या मुदतीचं.

राजीनामा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत कंपनीने DIR-12 हा फॉर्म ऑनलाइन भरून आरओसीला कळवायचं असतं. कोल्हापूरच्या कंपनीसाठी हे पुण्याचं कार्यालय. आपल्या उदाहरणात ईमेल २८ मार्चला मिळाला असता, तर मुदत २७ एप्रिलला संपली असती. आता समजा पत्र २८ मार्चला दिलं आणि त्यात ३१ मे ही तारीख घातली. मग नियमाप्रमाणे मुदत एप्रिलमध्येच संपते, पण तेव्हा माणूस अजून संचालकच आहे. कंपनीचा सेक्रेटरी डोकं धरून बसतो आणि फॉर्म लांबणीवर पडतो. दोन तारखांमधलं अंतर तीस दिवसांपेक्षा कमी असलं की हा पेच येत नाही.

फॉर्मसोबत राजीनाम्याचं पत्र जोडावं लागतं. मंडळाने नोंद घेतल्याचा ठरावही कंपन्या जोडतात. फॉर्मवर सही करायला पदावर राहिलेला दुसरा संचालक लागतो. फी फार नाही. अधिकृत भांडवल दहा लाखांचं असेल, तर ४०० रुपये. उशीर झाला की मात्र अधिकची फी पटीने चढते: तीस दिवसांपर्यंत दुप्पट, आणि सहा महिन्यांच्या पुढे गेल्यावर बारा पट. म्हणजे या कंपनीला मूळ ४०० रुपयांशिवाय आणखी ४८०० रुपये मोजावे लागतील. त्याहून जड आहे तो दंड. या प्रकरणात कसूर केली तर कलम १७२ खाली ५०,००० रुपये, आणि पुढे दर दिवसाला ५०० रुपये. कंपनीसाठी याची कमाल मर्यादा तीन लाख आणि जबाबदार अधिकाऱ्यासाठी एक लाख आहे. ही रक्कम पदावर राहिलेल्यांच्या खिशातून जाते. भाऊ फॉर्म भरायला टाळाटाळ करत असेल, तर हे आकडे शांतपणे त्याच्यासमोर ठेवावेत. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

तेवढ्याने नाही झालं, तर DIR-11 आहे. हा फॉर्म राजीनामा देणारा स्वतः, स्वतःच्या डिजिटल सहीने भरतो. राजीनाम्यापासून तीस दिवसांच्या आत राजीनाम्याची प्रत आणि कारणं तो आरओसीला थेट पाठवू शकतो. सोबत पत्राची प्रत, पाठवल्याचा पुरावा आणि कंपनीची पोच मिळाली असेल तर तीही जोडायची. पूर्वी हा फॉर्म सक्तीचा होता. २०१७ च्या दुरुस्तीने, जी मे २०१८ पासून लागू झाली, तो ऐच्छिक झाला. त्यामुळे हल्ली बरेच जण तो भरतच नाहीत, आणि मला ते चुकीचं वाटतं. भावाभावांत गोडी असेल तर ठीक. पण जिथे थकबाकी आहे, जिथे भांडण आहे, तिथे तीस दिवसांच्या आत हा फॉर्म टाकावाच. मास्टर डेटामधलं नाव कंपनीचा DIR-12 आल्यावर उतरतं, त्यामुळे DIR-11 भरल्यावर लगेच नाव दिसेनासं होईल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचा उपयोग वेगळा आहे. अमुक दिवशी मी सोडलं होतं आणि सरकारला कळवलंही होतं, अशी तारखेची सरकारी नोंद आपल्या नावावर तयार होते. मग पावतीच्या प्रतीसह आरओसीकडे लेखी तक्रार करता येते.

एक व्यावहारिक अडचण अशी, की भांडण होईपर्यंत अनेकांच्या डिजिटल सहीची पेन ड्राइव्ह कंपनीच्या अकाउंटंटकडे पडून असते, आणि पासवर्डही त्याच्याचकडे. बाहेर पडायचं ठरल्यावर सगळ्यात आधी ती ताब्यात घ्यावी. पत्र नंतर पाठवावं. ती मिळत नसेल तर रद्द करून नवी काढावी, कारण ती दुसऱ्याच्या हाती असेपर्यंत तुमच्या नावाने कागदावर काय चढतंय हे तुम्हाला कळणारही नाही.

‘कारणं’ या रकान्याबद्दल थोडं. राग काढायची ही जागा नव्हे. ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढं लिहिलं तरी चालतं आणि साध्या प्रकरणात तेच लिहावं. पण बैठकीच्या नोटिसा मिळत नव्हत्या, हिशेब दाखवले जात नव्हते, अशा गोष्टी खरोखर घडल्या असतील आणि त्यांचे कागद हाताशी असतील, तर तारखांसह चार ओळींत नोंदवाव्यात. पुढे कसूर कुणाची हा प्रश्न आला, तर त्या वेळीच लिहिलेल्या या चार ओळींना मागाहून केलेल्या शपथपत्रापेक्षा जास्त वजन असतं.

खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. तिघांतला एक गेला तर अडचण नाही. पण दोघांचीच कंपनी असेल आणि एक जाऊ लागला, की दुसरा म्हणतो, ‘तुला जाताच येणार नाही, कायद्याने दोन लागतात.’ हे खरं नाही. किमान संख्या राखणं ही कंपनीची जबाबदारी आहे आणि त्यासाठी जाणाऱ्याला बांधून ठेवता येत नाही. मागे राहिलेला एकटा संचालक गणपूर्ती नसल्यामुळे नेहमीच्या बैठका घेऊ शकत नाही. पण बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीप्रमाणे दुसरा संचालक आणण्यापुरतं किंवा सर्वसाधारण सभा बोलावण्यापुरतं काम त्याला करता येतं. व्यवहारात नव्याची नेमणूक आणि जुन्याचा राजीनामा एकाच DIR-12 मध्ये दाखवण्याची पद्धत आहे, म्हणून नवा माणूस लवकर मिळावा यासाठी मदत करण्यात जाणाऱ्याचंही हित आहे. सगळेच संचालक गेले तर प्रवर्तकांनी, आणि तेही नसतील तर केंद्र सरकारने, नेमणूक करायची तरतूद आहे.

तारखेचा पुरावा शेवटी कुठे उपयोगी पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या एका निकालात चांगलं दिसतं. एका संचालकाने २ मार्च २००४ रोजी राजीनामा दिला आणि कंपनीने त्याची नोंद घेऊन तेव्हाचा फॉर्म ३२ आरओसीकडे भरला. कंपनीचे चेक निघाले ३० एप्रिल २००४ रोजी, आणि ते वटले नाहीत. फिर्याद या संचालकावरही झाली. चेक निघाले तेव्हा हा माणूस संचालक नव्हता, हे सार्वजनिक नोंदीतून स्पष्ट दिसत असल्यामुळे न्यायालयाने त्याच्यावरची फिर्याद रद्द केली. खटला पूर्ण चालून साक्षीपुरावे होईपर्यंत त्याला थांबावं लागलं नाही. राजीनाम्याचं पत्र घरातल्या फाइलमध्येच राहिलं असतं आणि आरओसीकडे काहीच गेलं नसतं, तर हाच मुद्दा त्याला साक्षीदार उभे करून मांडावा लागला असता.

उलट बाजूही कायद्याने लिहून ठेवली आहे. पदावर असताना घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते. कामगारांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला आणि भरलाच नाही, असं तुमच्या काळात घडलं असेल, तर ३१ मार्चचं पत्र त्यातून सोडवत नाही.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बँकेला दिलेली वैयक्तिक हमी. फाउंड्रीच्या कॅश क्रेडिटसाठी तिन्ही संचालकांनी हमीपत्रावर सह्या केलेल्या असतात. ती हमी माणसाने दिलेली असते, त्यामुळे पद सुटलं तरी ती सुटत नाही. बँकेला आरओसीच्या पावतीची प्रत दाखवली की ते नम्रपणे ‘नोंद घेतली’ म्हणतात आणि हमीपत्र तिजोरीतच राहतं. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे चालू राहणारी हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. पण बँकेच्या छापील हमीपत्रात या हक्काला मुरड घालणारी कलमं असू शकतात, म्हणून आधी ते हमीपत्र वाचावं लागतं. मागचं देणं तर राहतंच. म्हणून आमच्या पुण्याच्या मित्राला २८ मार्चला दोन पत्रं लिहायला हवी होती. एक कंपनीला, आणि दुसरं बँकेच्या शाखा व्यवस्थापकाला. या दुसऱ्या पत्रात त्या दिवशीची थकबाकी किती ते लेखी मागायचं, आजनंतर दिलेल्या उचलीला माझी हमी नाही असं कळवायचं, आणि माझ्याऐवजी दुसरा जामीनदार घेऊन मला हमीतून मुक्त करावं, अशी विनंती करायची. बँक ही विनंती मान्य करेलच असं नाही. मुक्त केल्याचं बँकेचं स्वतंत्र पत्र हातात येईपर्यंत तो त्या कर्जाचा जामीनदार आहेच.